‘त्रास असा काही नाही’

२०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतात झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. ‘अटेंड’ हे तिचं नाव. देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० पक्षाघाताचे रुग्ण तिच्यात होते. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसाला व्यायाम कसा करून घ्यायचा, अंथरुणातून कसं उठवायचं, उभं कसं करायचं हे शिकवलं. उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, घरात माणसं आहेत, तेव्हा घरच्यांनाच शिकवू, असा साधा विचार त्यामागे होता. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, सुमारे ४७ टक्के.

असा निकाल हाती आला की पुढचा प्रश्न आकड्यांच्या आवाक्याबाहेर जातो. शिकवलेलं घरी कोण करत होतं? सकाळी की रात्री? स्वयंपाकाच्या आधी की शेतावरून आल्यावर? वडिलांना उभं करताना मुलाच्या मनात काय येत होतं, आणि सुनेच्या मनात काय? हे कळायचं तर त्या माणसाशी बोलावं लागतं, बोललेलं जसंच्या तसं उतरवावं लागतं आणि त्यातून अर्थ कसा काढला हे दाखवावं लागतं. आरोग्यक्षेत्रात या कामाला गुणात्मक संशोधन म्हणतात आणि अर्थ काढण्याची सध्याची सगळ्यात प्रचलित रीत म्हणजे थिमॅटिक ॲनालिसिस. व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एका लेखात तिची सहा टप्प्यांत मांडणी केली. नर्सिंगच्या, फिजिओथेरपीच्या प्रबंधांत आज तोच लेख संदर्भ म्हणून दिलेला दिसतो. तो वाचून केलेलं काम मात्र तेवढं दिसत नाही.

पक्षाघाताच्या रुग्णाचं करणाऱ्याची एक अडचण इतर आजारांत नसते. स्मृतिभ्रंशात घर हळूहळू तयार होत जातं. इथे रात्री जेवून झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, बोलत नाही. आठ-दहा दिवसांत रुग्णालयातून सुट्टी मिळते आणि ज्यानं कधी कुणाला कूस बदलून दिली नाही त्याला दर दोन तासांनी ते करावं लागतं, नाही तर पाठीला जखमा होतात. म्हणून मुलाखत केव्हा घ्यायची याला इथे फार महत्त्व आहे. पहिल्या महिन्यात गेलं तर सगळं बोलणं रुग्णालयाचं, सी.टी. स्कॅनचं, खर्चाचं निघतं. शरीराची सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. त्यानंतर ती मंदावते आणि घराला कळायला लागतं की आता असंच चालणार आहे. सहा महिने ते दोन वर्षं हा काळ मला या प्रश्नासाठी योग्य वाटतो. अगोदरचाही काळ अभ्यासता येतो, पण दोन्ही एकत्र घातले तर उत्तरं एकमेकांशी बोलत नाहीत.

मुलाखत कुठे घ्यायची? सोयीची जागा म्हणजे रुग्णालय. रुग्ण आत व्यायाम करतो तेवढा वेळ सोबतचा माणूस बाहेर मोकळा असतो. पण तिथे तो सोबतचा माणूस म्हणूनच बोलतो: बी.पी. किती होतं, गोळ्या कोणत्या, हाताची बोटं जरा हलायला लागली. आपण पांढरा कोट घातलेला असेल तर संपलंच; डॉक्टरांपुढे कोण तक्रार करणार? घरी गेलं तर वेगळाच पेच. रुग्ण त्याच खोलीत, सासूबाई दाराशी, शेजारच्या वहिनी कोण आलंय बघायला. रुग्णाला बोलता येत नसलं तरी ऐकलेलं बरंच कळत असू शकतं. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं. त्याच्या अंथरुणाशेजारी बसून त्याचं करणारीला ‘तुम्हाला कसं वाटतं?’ विचारणं हे दोघांवरही अन्याय करणारं आहे. शहाणे संशोधक जोडीला एक सहकारी नेतात. तो रुग्णापाशी बसतो आणि मुलाखत पडवीत किंवा गच्चीवर होते. संमतीपत्रावर सही मुलाखत देणारीची असते, पण गोष्ट रुग्णाच्याही देहाची आहे. म्हणून त्यालाही काय चाललंय ते सांगावं आणि त्याच्या मानेच्या होकाराची वाट पाहावी.

प्रश्नांची यादी लहान ठेवायची, सहा-सात प्रश्नांची. ‘तुम्हाला ताण येतो का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं, आणि ताण हा विषय आपणच त्या घरात नेऊन ठेवलेला असतो. त्याऐवजी ‘कालचा दिवस सकाळपासून सांगा’ हा प्रश्न फार काम करतो. माणूस मत द्यायला कचरतो, पण कालचा दिवस सांगायला कचरत नाही. पुढे टोकायचं कमी. समोरचीचा शेवटचा शब्द परत उच्चारायचा आणि गप्प बसायचं. नवख्यांना ही गप्प बसण्याची पाच-सहा सेकंदं फार जड जातात आणि ते घाईनं पुढचा प्रश्न विचारतात. ध्वनिमुद्रण ऐकताना अशा जागा लगेच ओळखू येतात: समोरची श्वास घेते, आणि आपलाच आवाज मध्ये येतो.

आता प्रत्यक्ष पाहू. खालचा उतारा कुणा खऱ्या बाईचा नाही. अशा मुलाखतींत जे ऐकू येतं त्यावरून उदाहरणासाठी रचलेला आहे. कराडजवळचं एक गाव. सासऱ्यांना लकवा होऊन आठ महिने झालेत, उजवी बाजू आणि वाचा गेली आहे. नवरा कारखान्यात पाळीवर जातो.

‘कालचं काय, रोजचंच. पाचला उठले. मामंजींचं आधी करायचं. डायपर काढला, अंग पुसलं. डायपर रात्रीचाच घालते, दिवसा कुठला परवडतोय. मग चहा, चमच्यानं. ठसका लागतो त्यांना. (थांबते) आधी लई लाज वाटायची, ताई. त्यांच्यापुढं डोईवरचा पदर ढळू द्यायचो नाही आम्ही. आता काय, लेकरागत झालंय. (हसते) त्यांनाच जास्त वाटत असंल. डोळे मिटून घेतात.’

‘डोळे मिटून घेतात.’

‘हां. मी करत असले की मिटतात. मग मीबी तोंडाकडं बघत नाही. दोघांचं ठरल्यागत. (बराच वेळ गप्प) त्रास असा काही नाही. करावंच लागतं. नणंदा फोन करतात, वहिनी तू आहेस म्हणून निभावतंय म्हणतात. बरं वाटतं. पण एकीनं येऊन आठ दिवस करावं ना कधी.’

ही बाई बोलत असतानाच एक गोष्ट संशोधकाच्या कानात अडकायला हवी: ठसका. पक्षाघातानंतर गिळण्याचे स्नायू दुबळे होतात आणि चहासारखा पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो. मुलाखत थांबवून सल्ला द्यायला लागलं तर ती तिथेच संपते. गप्प राहून निघून आलं तर ते माणुसकीला धरून नाही. रेकॉर्डर बंद झाल्यावर हे स्पष्ट सांगायचं, डॉक्टरांना दाखवायला सांगायचं, आणि आपण असं सांगितलं याची नोंद टिपणवहीत ठेवायची. मुलाखतीत रडू कोसळलं तरी क्रम तसाच: आधी थांबायचं, पाणी, मग ‘पुढे बोलायचं की राहू दे?’ आणि जाताना मदतीचा पत्ता. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक सोबतच्या कागदावर छापलेला असला की ऐनवेळी शोधाशोध होत नाही.

मग लिहून काढणं. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात. कुकरच्या शिट्ट्या आणि दोघी एकदम बोलत असल्या तर जास्तच. हे काम बाहेर देण्याचा मोह होतो. शक्यतो देऊ नये, कारण पहिला टप्पा, म्हणजे मजकुराशी ओळख, इथेच होते. बोली आहे तशीच ठेवायची. ‘मीबी’चं ‘मीसुद्धा’ करायचं नाही, हसणं आणि थांबणं कंसात लिहायचं. प्रबंध इंग्रजीत द्यायचा म्हणून आधीच भाषांतर करून त्यावर काम करणारे बरेच असतात. त्यांच्या हाती शेवटी ‘ओझं’, ‘ताण’, ‘सामना’ असे पुस्तकी शब्द उरतात. पदर कुठे जातो कुणास ठाऊक.

दुसरा टप्पा कोडिंगचा. कोड म्हणजे मजकुराच्या तुकड्याशेजारी लिहिलेलं छोटं टिपण, त्यात आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं काय आहे ते सांगणारं. वरच्या उताऱ्यावर नवखा विद्यार्थी तीन कोड लावील: आर्थिक अडचण, लाज, नातेवाइकांचा आधार. चूक एकही नाही, पण त्यांतून काही कळतही नाही. उतारा काढून घेतला आणि फक्त कोड ठेवले तर गोष्ट परत उभी राहते का, ही माझी कसोटी. ‘डायपर रात्रीपुरता: पैसा दिवसाची पद्धत ठरवतो’, ‘लेकरागत म्हणून लाज हलकी करणं’, ‘न बघण्याचा अबोल करार’, ‘कौतुक फोनवर, हात नाही’ असे कोड लावले की उभी राहते.

आणि ‘त्रास असा काही नाही’ याचं काय करायचं? या कामात सगळ्यात जास्त ऐकू येणारं हे वाक्य. एक वाट म्हणजे ते शब्दशः घेणं: त्रास नाही, असं लिहून पुढे जाणं. दुसरी वाट सुशिक्षितांची आवडती: ही बाई दबलेली आहे, तिला त्रास आहे पण तिला बोलता येत नाही, असं ठरवून टाकणं. दोन्हींत आळस आहे. वाक्य कुठे आलं ते पाहायचं. ते आलं बऱ्याच वेळाच्या शांततेनंतर, डोळे मिटण्याबद्दल बोलून झाल्यावर, आणि त्याच्या पाठोपाठ नणंदांबद्दलची तक्रार आली. म्हणजे निदान या ठिकाणी हे वाक्य एक विषय मिटवून दुसरा उघडतंय. सासऱ्यांच्या सेवेबद्दल कुरकूर नाही हे आधी सांगितलं की मग नणंदांबद्दल बोलायची मोकळीक मिळते. हा माझा अर्थ आहे. तो कच्च्या पेन्सिलीनं लिहायचा आणि बाकीच्या मुलाखतींत हे वाक्य कुठे-कुठे येतं ते शोधायचं. मुलग्यांच्या तोंडी ते पैशाच्या गोष्टीनंतर येत असेल तर अर्थ बदलावा लागेल.

मुलाखती किती घ्यायच्या, हा प्रश्न मार्गदर्शक हमखास विचारतात. २००६ सालचाच एक अभ्यास यासाठी पुढे केला जातो. घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखतींत बहुतेक कोड पहिल्या बारांतच सापडले होते, म्हणून बारा पुरे असं म्हणतात. पण त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही ठरावीक होते. आपल्याकडे बायको, सून, मुलगा, नवरा हे चारही घ्यायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला तीनच माणसं येतात. मग एक तर नातं आखडतं घ्यावं, फक्त सुनाच घ्याव्यात, नाही तर संख्या वाढवावी. ब्राऊन आणि क्लार्क यांनी नंतरच्या लेखनात या ‘आता नवीन काही मिळत नाही’ म्हणण्यावरच आक्षेप घेतला. नवीन मिळत नाही याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की आपण नवीन बघायचं थांबलो.

तिसऱ्या टप्प्यापासून कोड एकत्र येऊन थीम, म्हणजे आशयसूत्रं तयार होऊ लागतात, आणि बहुतेक प्रबंध इथे घसरतात. ‘आर्थिक अडचणी’, ‘शारीरिक त्रास’, ‘मानसिक ताण’, ‘सामाजिक आधार’ अशी चार शीर्षकं येतात. ओळखायची खूण सोपी: मुलाखतीच्या प्रश्नांची यादी शेजारी ठेवा. शीर्षकं तिच्याशी जुळत असतील तर आपण उत्तरांचं वर्गीकरण केलंय, विश्लेषण अजून सुरूच झालेलं नाही. सूत्रानं काहीतरी म्हणायला हवं, आणि ते वेगवेगळ्या विषयांवर बोलणाऱ्यांना एका धाग्यात बांधणारं हवं.

आपल्या उदाहरणात पहिलं कच्चं सूत्र असं समजू: ‘देहाची सेवा करताना लाज आड येते’. सुनेला ते चपखल बसतं. आता त्याच अभ्यासातल्या आणखी दोन मुलाखती कल्पू. एक मुलगा सांगतो की आईला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा पगार परवडत नसताना त्यानं बाई ठेवली. दुसरी एक बायको. तिला नवऱ्याचं सगळं करताना लाज अजिबात वाटत नाही. तिचं दुखणं निराळं: ‘माणूस घरात आहे, पण दोन शब्द बोलायला कोणी नाही.’ बायकोची मुलाखत सूत्रात बसत नाही. तिला बाजूला टाकणं सोपं आहे, आणि नेमकं तेच करायचं नाही. चौथा टप्पा, म्हणजे सूत्रं तपासून पाहणं, यासाठीच असतो. तिघांकडे परत पाहिलं तर लाज हा एक प्रकार आहे असं दिसतं. खाली काहीतरी मोठं आहे. आजारानं नात्याची जुनी रीत मोडली. सासऱ्यापुढे पदर सांभाळण्याची रीत, आईपासून राखायच्या अंतराची रीत, नवऱ्याशी रात्री बोलत बसण्याची रीत. पहिले दोघं ती वाचवायला काहीतरी करतायत: एक बघत नाही, एक पैसे मोजून तिसरा माणूस आणतो. तिसरीची रीत वाचवायला काही उपायच नाही. सूत्राचं नवं रूप होतं: ‘देह सांभाळताना नातं जुन्या जागी ठेवण्याची धडपड’. आता बायको बाहेर राहत नाही. ही धडपड कुठे हरते ते तिच्यामुळे दिसतं.

दुसरं सूत्र कौतुकाचं. ‘कौतुक मदतीची जागा घेतं’ असं पहिल्या झटक्यात सुचतं आणि नणंदांचा राग आलेला असल्यामुळे आवडतंही. संशोधिका स्वतः कुणाची तरी सून असेल तर जास्तच आवडतं. म्हणून टिपणवहीत तेही लिहून ठेवायचं. मग विरोधी उदाहरण शोधायला निघायचं. समजा एक म्हातारी आजी मिळाली. तिची मुलगी महिनाभर येऊन राहायला तयार होती, तर आजीनंच तिला परत पाठवलं, ‘त्यांना दुसऱ्याच्या हातचं चालत नाही’ म्हणून. मदत दाराशी आली होती. इथे कौतुकानं मदतीची जागा घेतलेली नाही. ‘माझ्यावाचून चालत नाही’ ही जागा आजीला स्वतःलाच सोडायची नव्हती. सूनबाईंच्या उताऱ्याकडे परत जायचं: ‘बरं वाटतं’ हे शब्द आपण पहिल्या वेळी घाईत ओलांडले होते. सूत्र बदलतं: ‘आपल्यावाचून चालत नाही’ हा मान त्या माणसाला त्या जागी धरूनही ठेवतो आणि उभंही ठेवतो. हे पहिल्यापेक्षा कमी खमंग आहे, पण दोन्ही बायकांना त्यात जागा आहे.

सूत्रं मुलाखतींतून ‘उगवली’ असं प्रबंधांत सर्रास लिहितात. ब्राऊन-क्लार्क यांना हा शब्दप्रयोग मंजूर नाही, आणि वरचा खटाटोप पाहिला तर का ते कळतं. ती कुणीतरी बसून घडवलेली असतात, म्हणून कुणी घडवली हे सांगावं लागतं. याच कारणानं दोन जणांनी वेगवेगळे कोड लावून त्यांची टक्केवारी जुळवण्याचा आग्रह या पद्धतीशी विसंगत आहे. आधी ठरवलेल्या कोड-यादीनं काम करणाऱ्या दुसऱ्या पद्धती आहेत, तिथे तो शोभतो. परीक्षक मात्र बऱ्याचदा कोणत्याही कामात जुळणीचा आकडा मागतात, आणि विद्यार्थी मुकाट्यानं देतात. त्याऐवजी दुसऱ्या वाचकाशी बसून भांडावं आणि भांडणानंतर काय बदललं ते लिहावं.

अशा कामातून ‘किती टक्के सुनांना असं वाटतं’ हे सांगता येत नाही. पंधरापैकी नऊजणी म्हणाल्या असं लिहिलं तरी त्या नऊला गावाबाहेर काही किंमत नाही. ओझं मोजायचं असेल तर झारिट यांची २२ प्रश्नांची मोजपट्टी आहे, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. तिच्यावर आपल्या सूनबाईंचे गुण कमीही येतील, कारण ‘त्रास असा काही नाही’. पण फिजिओथेरपिस्टनं घरच्यांना व्यायाम शिकवताना कुणाला शिकवायचं, हे ठरवायला या मुलाखती उपयोगी पडतात. सासऱ्याला कवेत धरून उभं करायचा व्यायाम सुनेला शिकवला तर तो कागदावर राहील. तोच नवऱ्याला, त्याची पाळी संपायच्या वेळी शिकवला तर कदाचित होईल.

शेवटचा टप्पा लिहिण्याचा, आणि तिथे एक कटू निर्णय असतो. नाव बदललं, गाव बदललं, तरी ‘कारखान्यात पाळीवर जाणारा नवरा, वाचा गेलेले सासरे, फोन करणाऱ्या नणंदा’ एवढ्यावरून त्या तालुक्यात माणूस ओळखू येतो. प्रबंध आता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जातो आणि नणंदेचा मुलगा तो मोबाइलवर वाचू शकतो. सासऱ्यांच्या जागी दुसरं नातं घालता येत नाही, कारण सगळा अर्थच त्या नात्यावर उभा आहे. वाचा कोणत्या महिन्यात गेली, नवरा कुठे काम करतो, नणंदा किती, हे काढता येतं. ते काढूनही ओळख पटण्याची शंका राहिली तर ‘एकीनं येऊन आठ दिवस करावं ना कधी’ हे वाक्य गाळायचं, अभ्यासातलं सगळ्यात बोलकं असलं तरी, आणि तोच मुद्दा तीन-चार मुलाखतींचा मिळून स्वतःच्या शब्दांत सांगायचा.